कागदावर नसलेलं 'शायद'

लांब वाक्यांचा मला राग होता आणि अजूनही आहे. आमच्या घरात कुणी मुद्द्यावर यायच्या आधी चार गल्ल्या फिरून आलं की मी म्हणायची, "स्वल्प लवकर सांगा हो, डाळ करपतेय." आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून घरात मराठी, दारात कन्नड आणि दोन्हींचं मिळून तिसरंच काहीतरी बोलणारे. घरची सगळी माणसं बोलायला बसली की उठायचं नाव नाही. माझी जीभ मात्र पहिल्यापासून सुरीसारखी. त्या सुरीनं मी एका माणसाचं नुकसान केलं, ते सांगायचंय. तेवढं तरी आडवळण न घेता सांगते.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांची गोष्ट. इंदिरानगरात एका बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत भाषांतराचं ऑफिस होतं, तिथे मी कामाला होते. ऑफिस ज्यांचं त्यांना मी अण्णा म्हणायची. आईच्या लांबच्या नात्यातले होते, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. येणारं काम बहुतेक अरबीचं असे. आखातात नोकरीला जाणाऱ्यांचे दाखले, निकाहनामे, तिकडून परत आलेल्यांची अनुभवपत्रं. या सगळ्यावर अण्णांचा गोल शिक्का बसायचा, 'खरा व अचूक अनुवाद'. तो शिक्का दूतावासांत चालायचा, आणि तो चालायचा म्हणून आमचं सगळ्यांचं चालायचं.

मला अरबी येत नव्हती. लोकांना नवल वाटतं, पण अशी ऑफिसं अशीच चालायची. अरबी यायची मौलवीसाहेबांना. सत्तरी गाठलेले, शिवाजीनगरहून बसनं यायचे, उभा जन्म मदरशात शिकवण्यात गेलेला. इंग्रजी त्यांना अजिबात येत नव्हती. मला एम.ए.पर्यंतची इंग्रजी आणि तिची घमेंड, दोन्ही येत होत्या. मौलवीसाहेब एकेक वाक्य अरबीत वाचायचे, मग त्याचा अर्थ दखनी उर्दूत सांगायचे. मी तो मराठीत टिपून घ्यायची आणि टिपणावरून इंग्रजी करायची. मग उलट वाचन. म्हणजे मी माझं इंग्रजी हातात धरून त्यांना तोंडानं दखनीत सांगत जायची, आणि ते समोर अरबी कागद ठेवून जुळतंय का बघायचे. जुळलं की म्हणायचे, "हौ, सही." त्यांचं हे 'सही', म्हणजे बरोबर, मिळाल्याशिवाय अण्णा शिक्क्याला हात लावत नसत.

पद्धत चांगली होती. दाखल्यांना, निकाहनाम्यांना एकदाही धोका झाला नाही. जन्मतारीख ती जन्मतारीख, तिच्यात कदाचित-बिदाचित नसतं.

तो आला तो पावसाळा संपता संपता. इराकी होता, तिशी नुकतीच ओलांडलेला, इस्त्री केलेला शर्ट, पण कॉलर विरलेली. बायको आणि इथेच जन्मलेली तान्ही मुलगी घेऊन एका खोलीत राहत होता. आपल्या देशातून शेतकीची मास्टर्स करून आला होता, सगळं शिक्षण अरबीत. इथे वर्षभर इंग्रजीचा वर्ग केला होता आणि आता शेतकीच्या पीएच.डी.ला अर्ज करत होता. अर्जासोबत जुन्या प्रबंधाचा सारांश इंग्रजीतून द्यायचा होता. फार तर एक पान, आणि तोही अधिकृत शिक्क्यासह. प्रबंध अरबीत, तो इथे कोण वाचणार? तेव्हा त्याची सगळी पारख त्या एका पानावर होती. त्यानं ते पहिल्याच दिवशी मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं. प्रवेश मिळाला तर राहण्याचा परवाना वाढणार होता, नाहीतर पुढच्या महिनाअखेर तिघांनाही परत जावं लागणार होतं. तिकडे आखाती युद्धानंतरचे निर्बंध चालू होते, दूध-औषध मिळत नव्हतं, आणि तो पोचला की त्याला पुन्हा फौजेत बोलावणार होते. लढाईत एक भाऊ आधीच गेला होता. "सिस्टर, धिस पेज इज माय डोअर," तो मला म्हणाला.

मी म्हटलं, "होईल, बसा." रोज कुणीतरी मला असं काहीतरी सांगतच असे.

मौलवीसाहेबांनी सारांश वाचायला घेतला. त्याचा विषय होता खारवट जमिनीतलं जवाचं पीक. पेरणीआधी बियाणं सौम्य मिठाच्या पाण्यात भिजवायचं, सुकवायचं आणि मग पेरायचं. तसं केलं तर खाऱ्या मातीत ते जास्त रुजतं का, हे त्यानं कुंड्यांमध्ये करून पाहिलं होतं. पद्धतीपर्यंत सगळं सरळ गेलं. मग निष्कर्ष आले आणि मौलवीसाहेबांचा श्वास पुरेना. एकच वाक्य नऊ ओळींचं. सुरुवातीला एकदा 'निकालांवरून असं सूचित होतं की', आणि मग 'आणि की', 'आणि की' करत एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. मध्येच 'या प्रयोगाच्या मर्यादेत', मध्येच 'मध्यम खारेपणाच्या मातीपुरतं', आणि शेवटी 'जर शेतातल्या चाचण्यांनी दुजोरा दिला तर'.

"अय्यो देवा," मी म्हटलं, "हा माणूस श्वास कधी घेतो?"

मौलवीसाहेब हसले नाहीत. उलट खूश झाले होते. "बेटा, ये आदमी तौल-तौल के बोल रा," ते म्हणाले. मग त्यांनी मला एकेक शब्द उकलून दाखवला. इथे जो शब्द आहे तो नुसता 'होऊ शकतं' म्हणतो. हा पुढचा त्याहून वजनदार, तराजूचं पारडं एका बाजूला कललं की अरबीत जे म्हणतात त्यातून आलेला. म्हणजे 'बहुधा'. आणि हा शेवटचा सगळ्यात हलका, त्यात नुसती आशा. बी भिजवलं तर उगवण वाढू शकते. बहुधा मुळं मीठ कमी शोषत असावीत आणि म्हणून रोप वाचत असावं. आणि शेतात खरं ठरलं तर, न जाणो, पिकाची घट थोडी कमी होईल. तीन गोष्टी आणि तिन्हींना वेगवेगळं वजन. "पढ़ा-लिखा आदमी है," मौलवीसाहेब म्हणाले, "जितना देखा उतनाच बोलता."

हे सगळं मी टिपलं. अगदी नीट टिपलं. मराठीत ते सोपं गेलं, कारण आपल्याकडे 'असावं', 'होईलसं वाटतं' म्हटलं की वाक्य कितीही लांब असो, शंका शेवटपर्यंत पोचते. ते टिपण माझ्याकडे अजून आहे, आणि त्यात एकही चूक नाही.

चूक मी पुढे केली. इंग्रजी करायला बसले तेव्हा ते नऊ ओळींचं वाक्य बघून माझं डोकं फिरलं. कोण वाचणार हे? प्राध्यापक पहिल्या दोन ओळींतच जांभई देतील. आणि एका पानात बसवायचं ते वेगळंच. मी त्याचे चार तुकडे केले. पहिल्या तुकड्यात ठेवलं, कुंडीतल्या या प्रयोगाचे निकाल असं सुचवतात की बियाणं भिजवल्यानं मध्यम खाऱ्या मातीत उगवण वाढते. दुसरा, मुळं मीठ कमी शोषतात. तिसरा, त्यामुळे रोपाचं रक्षण होतं. चौथा, या पद्धतीनं शेतातली घट कमी होईल. लखलखीत चार वाक्यं. शाळेतल्या पोरालाही कळावीत अशी. मला वाटलं, पहिल्या वाक्यात 'सुचवतात' आलंय ना, मग पुढच्यांनाही ते लागू आहेच. अरबीत शेपटीपर्यंत जातं, मराठीत जातं, मग इंग्रजीत का नाही जाणार? आणि 'शेतातल्या चाचण्यांनी दुजोरा दिला तर' हे एका पानात बसेना म्हणून मी काढलं. हो, काढलं. चुकून राहिलं नाही, मी हातानं खोडलं. म्हटलं, हे तर कुणालाही समजतं, न सांगता.

इंग्रजीत पूर्णविराम पडला की शंका तिथेच संपते. पुढचं वाक्य कोरं सुरू होतं. शंका हवी असेल तर ती प्रत्येक तुकड्याला नव्यानं द्यावी लागते. एवढी अक्कल एम.ए. झालेल्या बाईला असायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी उलट वाचन झालं. तो इराकीही समोर बसला होता. मी इंग्रजी कागद धरला आणि दखनीत सांगू लागले. "शायद जड़ाँ नमक कम सोखते होंगे... शायद पौधा बचता होगा... खेत में बी नुकसान शायद कम होगा, देखना पड़ेगा." मौलवीसाहेब अरबीवर बोट ठेवून मान डोलवत होते. "हौ. हौ. सही." प्रत्येक वाक्याला 'शायद' माझ्या तोंडून येत होतं, कारण आदल्या दिवशीचा त्यांचा आवाज माझ्या कानात होता. कागदावर ते नव्हतं. मी कागद वाचतच नव्हते, मी त्यांचंच बोलणं त्यांना परत ऐकवत होते. आणि ते बिचारे आपलंच बोलणं आपल्याच कागदाशी जुळवत होते. जुळणारच की!

इतकी वर्षं हीच पद्धत होती, आणि तिच्यातलं हे भोक आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं.

त्यानं इंग्रजी पान हातात घेतलं. वर्षभराच्या वर्गानं जेवढं येत होतं तेवढ्यावर ओठ हलवत वाचलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "सिस्टर, व्हेरी शॉर्ट?"

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. पण नाकावर माशी बसू द्यायची नाही हा माझा स्वभाव. मी म्हटलं, "इंग्रजी अशीच असते. तुमचे परीक्षक खूश होतील बघा." तो लगेच ओशाळला. "यस, यस, ब्यूटिफुल," म्हणाला, आणि सही करायची होती तिथे सही केली. अण्णांनी शिक्का मारला. जाताना त्यानं मौलवीसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मला मान लववून नमस्कार केला. मला तेव्हा छान वाटलं, हेही लिहायला हवं.

तीन आठवड्यांनी तो परत आला. दारातून आत येईना. मीच म्हटलं, "या की, काय झालं?" त्याच्या हातात विद्यापीठाचं पत्र होतं, पण पत्राआधी त्यानं तोंडीच सांगितलं. मुलाखतीला तीन प्राध्यापक होते. मधल्यानं सारांश समोर धरून विचारलं, 'तुम्ही लिहिलंय की या पद्धतीनं शेतातली घट कमी होईल. शेतात चाचणी केलीत?' हा म्हणाला, नाही. 'मग हे कसं लिहिलंत? मुळं मीठ कमी शोषतात असं ठाम लिहिलंय, मुळांमधलं मीठ मोजलंत?' हा म्हणाला, नाही, मी असं लिहिलेलं नाही. 'खाली सही कुणाची?' माझी. 'मग हे काम तुमचं की दुसऱ्या कुणाचं?' जे थोडं इंग्रजी येत होतं तेही त्या खोलीत पळून गेलं.

पत्रात लिहिलं होतं की अर्जदाराचे दावे त्याच्या पुराव्यापेक्षा मोठे आहेत, शिवाय तो स्वतःच्या सारांशाची जबाबदारी नाकारतो. खाली मात्र एक ओळ होती. चूक भाषांतराची असेल तर भाषांतरकारानं तसं स्पष्ट लिहून द्यावं, आठ दिवसांच्या आत, म्हणजे समिती फेरविचार करील.

मला पहिल्यांदा रागच आला. चोराच्या मनात चांदणं! "आम्ही मौलवीसाहेबांना वाचून दाखवलंय," मी म्हटलं, "प्रत्येक वाक्याला त्यांनी सही म्हटलंय." मौलवीसाहेब खुर्चीतून उठून माझ्या टेबलाशी आले. त्यांनी अरबी पान माझ्या एका हाताला ठेवलं आणि इंग्रजी दुसऱ्या हाताला. "बेटा, उंगली रख के पढ़ो," ते म्हणाले. "जो लफ़्ज़ काग़ज़ पो है, वोच पढ़ो."

मी बोट ठेवलं. पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्यावर आले. "जड़ाँ नमक..." आणि तोंडातून 'शायद' निघायच्या बेतात असताना बोटाखाली तो शब्द नव्हता. मी थांबले. तिसऱ्यात नव्हता. चौथ्यात तर 'होईल' होतं, ठणठणीत. मौलवीसाहेबांना इंग्रजी कळत नव्हती, पण माझं बोट थांबलेलं त्यांना कळलं. मला मान वर करवेना. खरं सांगते, जमिनीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात ते काय असतं, ते मला त्या टेबलाशी कळलं.

"शायद कहाँ है?" त्यांनी विचारलं.

"नहीं है," मी म्हटलं.

मौलवीसाहेब त्या इराक्याकडे वळून अरबीत काहीतरी बोलले. काय बोलले ते मला समजलं नाही, पण त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला होता. मला म्हणाले, "मेरी ग़लती लिख दो. मैंने सही बोला." मी म्हटलं, तुमचं नाव कुठल्याच कागदावर नाही. खरंच नव्हतं. शिक्का अण्णांचा आणि भाषांतरकार म्हणून सही माझी. ज्याच्या जिवावर ते सगळं ऑफिस उभं होतं तो माणूस कागदोपत्री अस्तित्वातच नव्हता.

तेव्हा पत्र मलाच लिहायचं होतं. दोन ओळींचं काम. मूळ मजकुरात प्रत्येक निष्कर्षाला शंकेचा शब्द आहे, भाषांतर करताना मी ते गाळले, चूक माझी, लेखकाची नाही. एवढंच. छोटी, लखलखीत वाक्यं, माझ्या आवडीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती लिहिली आणि शिक्क्यासाठी अण्णांकडे नेली. अण्णांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला आणि दार लावून घेतलं. "हे पत्र विद्यापीठात फायलीला लागेल," ते म्हणाले. "उद्या कुणीतरी दूतावासात सांगेल की या ऑफिसनं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय, आमचा अचूक अनुवाद चुकीचा होता. मग तो शिक्का चुलीत घाल. ज्यांचे दाखले आत्ता तिकडे पडलेत त्यांचं काय? मौलवीसाहेबांचं काय? तुझं काय?" अण्णा दुष्ट नव्हते. तो प्रश्न खरा होता. माझी आई अंथरुणाला खिळलेली होती, घरात मिळवती मी एकटी, आणि शाळेतली आधीची नोकरी मी हेडबाईंशी भांडून सोडलेली. माझं पोट त्या शिक्क्यावर होतं.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

अण्णांनी सरकारी कचेरीत जन्म काढला होता. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'अरबी आणि इंग्रजी या दोन भाषांच्या घडणीतील भिन्नता लक्षात घेता, मूळ मजकुरातील काही सूक्ष्म छटा अनुवादात कदाचित पूर्णतः उतरल्या नसण्याची शक्यता नाकारता येत नाही.' एकच वाक्य, एकाच्या पोटात दुसरं. इंग्रजीत ते अजून लांब झालं. त्यात मी कुठेच नव्हते. चूकही नव्हती. मी सही केली. पहिलं पत्र फाडून टोपलीत टाकलं. मला कुणी हात धरून सही करायला लावली नव्हती, हे मुद्दाम सांगते. मला नाही म्हणता आलं असतं. मी शेपूट घातलं.

त्याच दुपारी तो पत्र न्यायला आला. मौलवीसाहेब त्या दिवशी आलेच नव्हते. मी पाकीट पुढे केलं. त्यानं ते तिथेच उघडलं आणि उभ्यानंच वाचू लागला. गेल्या तीन आठवड्यांत त्याचं इंग्रजी सुधारलं होतं, किंवा जिवाशी गाठ पडली की माणूस शिकतो. ओठ हलत होते. एका जागी तो थांबला, मागे गेला, पुन्हा वाचलं. मग कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि एका शब्दावर बोट टेकवलं. 'परहॅप्स'. पुढे सरकवून दुसऱ्यावर. 'पॉसिबिलिटी'.

"सिस्टर," तो म्हणाला, "हिअर यू फाउंड देम."

आवाज चढला नव्हता. आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. मी म्हटलं, "अण्णा म्हणाले असंच..." त्यानं कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. आठ दिवसांच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता, दुसरं काही नव्हतंच त्याच्याकडे.

समितीचं उत्तर चार दिवसांत आलं. त्याची प्रत आमच्या ऑफिसलाही होती. भाषांतरकार स्वतःच चूक झाल्याचं निश्चित सांगत नाहीत, सबब फेरविचाराचं कारण दिसत नाही. बरोबर लिहिलं होतं त्यांनी. शंकेचा शब्द वाचायचा कसा हे त्या लोकांना चांगलं येत होतं. अण्णांनी पत्र वाचलं, "सरी, ठीक आहे, आता काय करणार," म्हणाले आणि फायलीला लावलं. मी त्या संध्याकाळी घरी जाऊन आईला भरवलं, भांडी घासली, आणि मोरीत बसून रडले. रडून काय होतं? काही नाही.

मग मी जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. टिपण पुढे घेतलं आणि सारांश पुन्हा इंग्रजीत उतरवला. वाक्य मोडावं लागतंच, नऊ ओळी इंग्रजीत उभ्या राहत नाहीत. पण मोडताना प्रत्येक तुकड्याच्या हातात त्याची शंका दिली. पहिल्याला 'वाढू शकते', आणि त्यातच कुंड्या आणि मध्यम खारेपणा. दुसऱ्याला 'बहुधा'. शेवटच्याची अट उचलून अगदी पुढे ठेवली, शेतातल्या चाचण्यांनी दुजोरा दिला तर, आणि मग तिच्यामागे हलकं 'कदाचित'. वाचायला सोपं, आणि जेवढं त्यानं पाहिलं तेवढंच. एका पानात बसलं. वर दोन ओळी उरल्या. मला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

मी शिवाजीनगरला मौलवीसाहेबांच्या घरी गेले. ते आमच्याकडे यायचे बंद झाले होते. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, एका शब्दानंही टाकून बोलले नाहीत. मी बोट ठेवून वाचलं, कागदावर होतं तेवढंच. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "सही." पण 'हौ' म्हणाले नाहीत, आणि ऑफिसला परत कधी आले नाहीत.

महिनाअखेरीला तो मूळ अरबी पानं न्यायला आला. परदेशी लोकांच्या नोंदणीच्या कचेरीतून सरळ आला होता, परवान्यावर निघण्याची तारीख पडली होती. बायको बाहेर फाटकाशी उभी होती, खांद्यावर मुलगी झोपलेली. मी त्याला त्याची पानं दिली, आणि त्यावर नवं इंग्रजी पान ठेवलं. म्हटलं, "हे बरोबर आहे. आधी द्यायला हवं होतं. चूक माझी होती, सगळी माझी." हे मी त्याला तोंडानं सांगितलं, बंद खोलीत, जिथे ते कुणाच्याच फायलीला लागणार नव्हतं.

त्यानं उभ्यानं सगळं वाचलं. बायको बाहेर थांबली होती तरी घाई केली नाही. शेवटच्या ओळीशी आला, ती पुन्हा वाचली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "यस. धिस इज माइन."

मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "सिस्टर, हूम आय गिव्ह?"

त्यानं ते पान अरबी पानांमध्ये ठेवलं आणि बाहेर जाऊन मुलीला स्वतःच्या खांद्यावर घेतलं.